पंखावरची हवा खालच्या हवेची वाट बघत नाही

प्रश्न: मी चोपडा तालुक्यातल्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर असते, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो. दोन्ही हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचतात, म्हणून वरची हवा जास्त वेगानं जाते, तिथला दाब कमी होतो आणि पंख उचलला जातो, असं मी आजवर सांगत आलो. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, पण दोघींनी एकाच वेळी का पोहोचायचं?" मला सांगता आलं नाही. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं उडताना पोरांनी पाहिली आहेत. तसलं एखादं विमान घेऊन खरं काय ते समजावता येईल का?

उत्तर:

सर, त्या मुलीनं नेमक्या कच्च्या दुव्यावर बोट ठेवलं आहे. दोघींनी एकाच वेळी पोहोचायचं काहीही कारण नाही, आणि त्या पोहोचतही नाहीत. जळगावहून दोन मोटरसायकली धुळ्याला निघाल्या, एक एरंडोल-पारोळ्यावरून आणि दुसरी धरणगाव-अमळनेरवरून, तर लांबून जाणाऱ्यानं आपोआप जोरात गाडी हाकावी असा नियम नसतो. त्यांचं आधी काही ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. पंखाच्या पुढच्या कडेला फुटलेल्या हवेच्या दोन पुंजक्यांचं आपसांत काही ठरलेलं नसतं. एकदा वेगळे झाल्यावर वरच्या पुंजक्याला खालचा कुठे आहे याची खबर देणारी कोणतीही यंत्रणा निसर्गात नाही.

तुम्ही सांगता त्यातलं बरंचसं मात्र खरं आहे, ते टाकून देऊ नका. वरची हवा खरोखर जास्त वेगानं जाते. तिथला दाब खरोखर कमी असतो. वेग आणि दाब यांची सांगड घालणारा बर्नोलीचा नियमही तिथे लागू पडतो. चूक एकाच ठिकाणी आहे: वरची हवा वेगानं का जाते, याचं दिलेलं कारण. कारण चुकलं की आकडेही चुकतात, आणि ते किती चुकतात हे दहावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवता येतं. तिथूनच सुरुवात करू.

सेसना 172 हे चार आसनांचं, वर पंख असलेलं लहान विमान जगभर शिकाऊ वैमानिकांच्या ओळखीचं आहे. त्याच्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे 16.2 चौरस मीटर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी 11 मीटर आणि पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी सरासरी दीड मीटरच्या आसपास. दोन माणसं आणि इंधन धरून विमानाचं वजन 1000 किलो घ्या. वेग सेकंदाला 50 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटर. मे महिन्यातल्या 40 अंशांच्या दुपारी आपल्याकडे जमिनीलगत एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.1 किलो भरतं, तेच वापरू.

विमान सरळ, समपातळीत उडायचं तर पंखांनी 1000 किलोचा भार पेलला पाहिजे. 1000 ला 16.2 नं भागलं की दर चौरस मीटरला जेमतेम 62 किलो येतात, दाबाच्या भाषेत सुमारे 606 पास्कल. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या घरात असतो. म्हणजे वरच्या आणि खालच्या दाबात शेकडा पाऊण टक्क्याहूनही कमी फरक पडला तरी विमान उचललं जातं. हा आकडा मुलांना आवर्जून सांगा. विमान हवेत राहतं त्यामागे प्रचंड काहीतरी असणार, असं त्यांना वाटत असतं.

आता "एकाच वेळी पोहोचण्या"चं गणित करू. या विमानाच्या पंखाचा छेद नाका या अमेरिकी विमानसंशोधन संस्थेच्या 2412 क्रमांकाच्या आकारावर बेतलेला आहे. छेदाची मधली रेषा रुंदीच्या दोन टक्के वाकलेली, जाडी रुंदीच्या बारा टक्के. या आकाराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाची लांबी मोजली तर वरची बाजू खालच्यापेक्षा फक्त दीड टक्क्यानं लांब भरते. दीड मीटर रुंदीच्या पंखावर हा फरक दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा. पुस्तकांतल्या चित्रांत जो टेकडीसारखा फुगवटा काढतात, तेवढा तो खऱ्या पंखावर नसतोच.

खालची हवा सेकंदाला 50 मीटरनं गेली असं धरा. एकाच वेळी पोहोचायचं तर वरच्या हवेला दीड टक्का जास्त, म्हणजे 50.75 मीटर वेग लागेल. बर्नोलीनुसार दाबातला फरक म्हणजे हवेच्या घनतेचा निम्मा गुणिले दोन वेगांच्या वर्गांतला फरक:

½ × 1.1 × (50.75² − 50²) ≈ 42 पास्कल

हवे होते 606, मिळाले 42. सगळ्या पंखावर मिळून ही उचल होते सुमारे 69 किलो. वैमानिक एकटा तेवढा भरेल. उरलेले 930 किलो कोण उचलणार, याचं या स्पष्टीकरणाकडे उत्तर नाही.

उलट बाजूनंही हिशेब करून बघा. 606 पास्कल मिळवायचे तर वरच्या हवेचा वेग किती हवा? गणित सोडवलं की सेकंदाला 60 मीटर येतो, म्हणजे वरची बाजू खालच्यापेक्षा पूर्ण वीस टक्क्यांनी लांब हवी. खालची बाजू सपाट दीड मीटर धरली तर वरची 1 मीटर 80 सेंटिमीटर. एवढी लांबी बसवायला पंखावर चाळीसेक सेंटिमीटर उंचीची कमान उभारावी लागेल. खऱ्या पंखाची एकूण जाडी 18 सेंटिमीटरच्या आसपास असते.

याहून मोठी अडचण पुढे आहे. हेच विमान उतरायच्या आधी सेकंदाला 30 मीटरपर्यंत वेग कमी करतं. वजन तेच, म्हणून लागणारा दाबातला फरकही तोच 606. पण आता खालची हवा 30 नं जात असेल, तर वरचीला जवळपास 45 नं जावं लागेल. म्हणजे वरचा रस्ता जवळजवळ दीडपट लांब हवा. उडत्या विमानात पंखाची लांबी-रुंदी तर बदलत नाही. (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या, म्हणजे फ्लॅप, थोड्या बाहेर काढता येतात, पण या वेगाला हे विमान फ्लॅपशिवायही उडतं.) मग काय बदलतं? वैमानिक दांडा मागे ओढतो, नाक वर येतं आणि पंख समोरून येणाऱ्या हवेशी जास्त कोन करतो. वैमानिक या कोनाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. आपल्या उदाहरणात हा कोन 50 मीटर वेगाला साधारण 3 अंश आणि 30 मीटर वेगाला साधारण 12 अंश असतो. उचल कमी-जास्त करण्याचं वैमानिकाच्या हातातलं मुख्य साधन हा कोनच आहे, आणि लांबच्या रस्त्याच्या गोष्टीत त्याला जागाच नाही. ज्या स्पष्टीकरणात वैमानिकाच्या हातातला दांडा बसत नाही, ते माझ्या मते वर्गात सांगण्याच्या लायकीचं नाही.

आता खरं काय घडतं ते बघू. याच विमानासाठी, 50 मीटर वेगाला, पातळ पंखाच्या सिद्धांतानं हिशेब केला तर वरच्या हवेचा सरासरी वेग सुमारे 55.5 आणि खालच्या हवेचा सुमारे 44.5 मीटर येतो. वरची वाढते तेवढीच खालची मंदावते, आणि या दोन वेगांवरून दाबातला फरक काढला की बरोबर 605 पास्कल मिळतात. मुलांना वजाबाकी करून बघू द्या. जाडीमुळे दोन्ही बाजूंना थोडी भर पडते, ती इथे सोडून दिली आहे.

या वेगांनी दीड मीटरचा पंख पार करायला वरच्या पुंजक्याला सुमारे 27 मिलिसेकंद लागतात आणि खालच्याला सुमारे 34. पंख नसताच तर 30 लागले असते. म्हणजे लांबचा रस्ता असूनही वरची हवा आधी पोहोचते, आणि नुसती खालच्या हवेच्या आधी नव्हे, तर वाटेत पंख नसता तर ती जेव्हा पोहोचली असती त्याच्याही आधी. वरचा पुंजका मागच्या कडेला येतो तेव्हा त्याचा खालचा जोडीदार अजून तीस सेंटिमीटर मागे असतो. पुढे दोघे पुन्हा साधारण सारख्याच वेगानं जातात, त्यामुळे ही फूट भरून निघत नाही. पुढच्या कडेला जे शेजारी होते ते पुन्हा कधीच शेजारी होत नाहीत.

एक बारकावा इथे सांगायला हवा. पृष्ठभागाला अगदी चिकटून जाणारी हवा घर्षणानं रखडते, म्हणून हा हिशेब पृष्ठभागापासून थोडं अंतर राखून जाणाऱ्या पुंजक्यांचा आहे. हे प्रत्यक्ष दिसतंही. वाऱ्याच्या बोगद्यात धुराच्या रेघा सोडायच्या आणि धूर ठरावीक अंतरानं तोडायचा, म्हणजे धुराचे तुकडे एका ओळीत पंखाकडे येतात. केंब्रिज विद्यापीठातल्या होल्गर बाबिन्स्की यांनी असा प्रयोग चित्रित केला आणि विद्यापीठानं तो 2012 मध्ये लोकांसमोर आणला. वरचे तुकडे पंखामागे स्पष्टपणे पुढे निघून गेलेले त्यात दिसतात. इंटरनेट असेल तर वर्गात तेवढा एक मिनिट दाखवा.

तर मग वरच्या हवेला घाई कोण लावतं? दाबच लावतो. आणि तिथला दाब कमी का, हे समजायला हवेची वाट वाकते याकडे बघावं लागतं.

ज्वारीवरची पाखरं हाकायची गोफण मुलांनी फिरवलेली असेल, निदान पाहिलेली असेल. दगड गोल फिरतो कारण दोरी त्याला आत ओढत असते. दोरी सुटली की दगड सरळ निघून जातो. हवेचंही तसंच आहे. वाकलेल्या वाटेनं जाणाऱ्या हवेच्या प्रत्येक पुंजक्याला वळणाच्या आतल्या बाजूला ढकलणारं बळ लागतं. हवेला दोरी नसते, तिच्याकडे फक्त दाब असतो. म्हणून हवा वळते तिथे वळणाच्या बाहेरच्या बाजूला दाब जास्त आणि आतल्या बाजूला कमी असलाच पाहिजे, नाहीतर ती वळलीच नसती.

आता पंखाच्या वर उभं राहिल्याची कल्पना करा. हवा पंखाच्या पाठीवरून जाते आणि मागे खाली उतरते, म्हणजे तिची वाट खालच्या बाजूला वाकते. वळणाची आतली बाजू पंखाची आणि बाहेरची बाजू वरच्या आकाशाची. खूप वर, जिथे पंखाचा काही परिणाम नाही, तिथे नेहमीचा वातावरणाचा दाब. तिथून खाली पंखाकडे येताना प्रत्येक वळणदार थराबरोबर दाब थोडा थोडा कमी होत जातो, आणि पंखाच्या पाठीवर तो वातावरणापेक्षा कमी उरतो. आता पंखाखाली या. तिथली हवाही खालीच वळते, पण इथे पंख वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहे. खूप खालच्या नेहमीच्या दाबापासून वर पंखाकडे येताना दाब वाढत जातो. पाठीवर कमी, पोटाखाली जास्त.

वेग यातूनच येतो. समोरून येणाऱ्या हवेला पुढे, पाठीवर, कमी दाबाचा प्रदेश दिसतो. मागून जास्त दाब ढकलतो आणि पुढे कमी दाब असतो, म्हणून ती वेग घेते. पोटाखाली जाणारीला पुढे जास्त दाब लागतो, म्हणून ती मंदावते. बर्नोलीचा नियम हाच हिशेब ठेवतो. वेग आधी की दाब आधी, असा प्रश्न मात्र विचारू नये. दोन्ही एकाच घडामोडीची अंगं आहेत आणि एकमेकांना धरून बदलतात.

हवा पाठीला धरून खाली का वळते, हाही प्रश्न मुलं विचारतील. ती सरळ निघून गेली असती तर पाठ आणि हवा यांच्यामध्ये पोकळी उरली असती. तशी पोकळी पडू लागताच तिथला दाब उतरतो आणि वरची हवा आत ढकलली जाते. म्हणून हवा पाठ सोडत नाही, निदान कोन माफक असेपर्यंत.

मागची कड धारदार का ठेवतात, हेही इथेच कळतं. पंख नुकताच चालू लागतो तेव्हा पोटाखालची हवा त्या धारेला वळसा घालून पाठीवर चढू बघते. एवढ्या तीक्ष्ण वळणावर, हवेच्या चिकटपणामुळे, तिला ते जमत नाही. तिथे एक भोवरा तयार होतो, तो मागे सुटून जातो, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंची हवा त्या धारेवरून सरळ, गुळगुळीत निघते. धारेची दिशा खाली झुकलेली असते, म्हणून हवाही खाली झुकून निघते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कुट्टा आणि रशियात झुकोव्स्की यांनी याच अटीवरून उचलीचं गणित बांधलं.

तो सुटलेला भोवरा घरच्या परातीत दिसतो. मोठ्या परातीत दोन-तीन बोटं पाणी घ्या, स्थिर होऊ द्या आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरवा. जुनं पोस्टकार्ड पाण्यात उभं बुडवून, चालण्याच्या दिशेशी दहा-बारा अंश तिरकं धरा आणि एका सरळ रेषेत सावकाश ओढा. कार्ड निघालं त्या जागी, मागच्या कडेपाशी, पुडीचा एक भोवरा मागे राहतो. कार्ड एकदम थांबवलंत तर दुसरा भोवरा सुटतो, पहिल्याच्या उलट दिशेनं फिरणारा. फार जोरात ओढलं तर नुसता खळबळाट होतो, काही कळत नाही. सेकंदाला पाच-सात सेंटिमीटर एवढा वेग पुरे.

आता न्यूटनची बाजू. पंखावर हवा वरच्या दिशेनं 1000 किलोचं बळ लावत असेल, तर पंख हवेवर तेवढंच बळ खालच्या दिशेनं लावतो, आणि हवा खाली फेकली जाते. आपल्या विमानासाठी अंदाज काढू. पंखाच्या 11 मीटर लांबीएवढा व्यास असलेली हवेची गोल नळी विमान दर सेकंदाला 50 मीटर कापतं असं मानायचं (चांगल्या आकाराच्या पंखासाठी सिद्धांतातून नेमकं हेच मोजमाप येतं). त्या नळीत पाच टनांहून थोडी जास्त हवा असते. एवढ्या हवेला सेकंदाला 1.9 मीटर इतका खालचा वेग दिला की 1000 किलोचा भार पेलला जातो. दर सेकंदाला पाच टन हवा चालण्याच्या वेगापेक्षा जरा जास्त वेगानं खाली. वर मी 50 मीटरची आडवी धाव सांगितली, तिच्यासमोर 1.9 म्हणजे फार थोडा झुकाव, पण काम तोच करतो.

इथे एक इशारा. जुनी चूक कळली की काही जण दुसऱ्या टोकाला जातात: बर्नोली खोटा, न्यूटन खरा, आणि हवा पंखाच्या पोटावर आदळते म्हणून पंख उचलला जातो. हेही चूक आहे. दाब बघा किंवा खाली जाणारी हवा मोजा, उचल तीच येते. एकाच पिकाचा हिशेब क्विंटलमध्ये केला काय आणि पोत्यांत केला काय. आणि पोटावर आदळण्याचं म्हणाल, तर नेहमीच्या उड्डाणात उचलीचा मोठा वाटा पाठीवरच्या कमी दाबाचा असतो. म्हणूनच इंजिनं, इंधनाच्या टाक्या, खांब असली अडगळ शक्यतो पंखाखाली टांगतात आणि पाठ साफ ठेवतात. प्रवासी विमानात बसलात तर उतरल्याबरोबर पंखाच्या पाठीवर उभ्या राहणाऱ्या फळ्या बघा. त्यांना स्पॉयलर म्हणतात. पाठीवरचा प्रवाह मोडायचा, उचल मारून टाकायची आणि वजन चाकांवर आणून ब्रेक लागू द्यायचे, हे त्यांचं तेव्हाचं मुख्य काम.

कोन वाढवत नेला की उचल वाढत जाते, पण कायम नाही. पाठीवर सर्वांत कमी दाब पुढच्या कडेजवळ असतो. तिथून मागच्या कडेपर्यंत हवेला पुन्हा वाढत्या दाबात जावं लागतं, जसं उतारावर घेतलेल्या वेगावर सायकल चढावर चढवायची. पृष्ठभागालगतच्या हवेचा वेग घर्षणात आधीच गेलेला असतो. कोन लहान असेल तर ती कशीबशी चढ पार करते. या तऱ्हेच्या पंखाला कोन साधारण 15-16 अंशांपलीकडे गेला की ती मध्येच थांबते, उलटी वाहू लागते आणि वरचा सगळा प्रवाह पाठ सोडून निघतो. पाठीवरचा कमी दाब बराचसा नाहीसा होतो, उचल पडते, अडथळा एकदम वाढतो. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही, हे मुलांना वेगळं सांगावं लागतं. आणि वेगाशीही थेट संबंध नाही. जास्त वेगात दांडा जोरात ओढला तरी कोन ओलांडला जातो आणि पंख स्टॉल होतो. लांबच्या रस्त्याची गोष्ट इथे पूर्ण मुकी होते, कारण 14 अंशांवर आणि 18 अंशांवर पंखाची पाठ तेवढीच लांब असते.

वर्गात करायचा प्रयोग मी असा सुचवेन. जाड कार्डशीटचे 30 बाय 15 सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या. एक सपाट ठेवा. दुसऱ्याला 15 सेंटिमीटरच्या दिशेनं एकसारखा बाक द्या, मधली उंची एक सेंटिमीटर. हा बाकदार तुकडा या वादातला सर्वांत चांगला साक्षीदार आहे. तो कागदाएवढाच पातळ असल्यामुळे त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूची लांबी एकसारखीच आहे. रस्ते सारखे, म्हणजे त्या गोष्टीनुसार उचल शून्य यायला हवी.

तुकडा दोन उभ्या सळ्यांवर बसवा, सळ्या एका जड लाकडी ठोकळ्यात रोवा आणि ठोकळा एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. समोर टेबलफॅन. पंख्याची हवा गरागरा फिरत येते, ती सरळ करायला मध्ये शीतपेयाच्या नळ्या आडव्या रचून भरलेलं खोकं ठेवा. काटा आणि ठोकळा यांच्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा लावा, नाहीतर हवा थेट काट्यावर दाब देते आणि सगळे आकडे बिघडतात. आधी तुकडा न लावता, नुसत्या सळ्यांवर पंखा चालवून काटा किती हलतो ते लिहून ठेवा. तेवढं प्रत्येक मापातून वजा करायचं.

नळ्यांमधून सेकंदाला चारेक मीटर वेगाची हवा आली, तर बाकदार तुकडा पुढची आणि मागची कड एका पातळीत ठेवूनही काट्यावरचं वजन दहा-वीस ग्रॅमनं कमी करायला हवा. सपाट तुकडा त्या स्थितीत जवळपास काहीच करणार नाही, पण त्याला सात-आठ अंश कोन दिला की तोही तेवढीच उचल देईल. मग दोन-दोन अंशांनी कोन वाढवत जा. पाठीवर लोकरीचे बोटभर दोरे चिकटवले असतील, तर आधी ते मागे सरळ पडून राहतील, पुढे फडफडू लागतील आणि शेवटी उलटे पुढच्या कडेकडे वळतील. एवढ्या लहान तुकड्यावर आणि मंद हवेत स्टॉल विमानासारखा झटक्यात येत नाही. सपाट तुकड्याची उचल हळूहळू वाढायची थांबते, तेव्हा आकडा एकदम पडला नाही म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. आकडे थरथरतील, म्हणून प्रत्येक कोनाला दहा वाचनांची सरासरी घ्या. थर्माकोलचा जाड, "खऱ्यासारखा" पंख कोरून इथे लावू नका. या वेगाला जाड पंख पातळ कार्डापेक्षा वाईट चालतो आणि मुलांचा उलटाच समज होतो.

शेवटचं, कागदाच्या पट्टीबद्दल. ओठांखाली पट्टी धरून तिच्या वरच्या बाजूनं फुंकलं की ती उचलली जाते, आणि "फुंकर वेगवान, म्हणून दाब कमी" असं सांगितलं जातं. तुम्हीही करत असाल तर एक फरक करून बघा. तीच पट्टी वरच्या टोकाला धरून सरळ खाली लोंबू द्या आणि तिच्या एका बाजूनं, पट्टीला समांतर, वरून खाली फुंका. पट्टी जवळपास जागची हलत नाही, वेगवान हवा एकाच बाजूला असूनही. तोंडातून बाहेर पडलेल्या फुंकरीचा दाब भोवतालच्या हवेएवढाच असतो, कारण तिला वेग फुप्फुसांनी दिलेला असतो, तिथल्या दाबाच्या उतारानं नव्हे. फुंकर आणि खोलीतली स्थिर हवा या दोन वेगळ्या हवा आहेत, त्यांच्यात बर्नोलीचं समीकरण मांडता येत नाही. ओठांखालची पट्टी उचलली जाते, कारण ती बाकदार लोंबत असते आणि फुंकर तिच्या पाठीला धरून खाली वळते. त्या मुलीला ही दोन पट्ट्यांची जोडी हातात द्या आणि फरक कशामुळे पडला ते तिलाच सांगायला लावा.